पळस गट

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नुजहत मॅडमनी पाचवीच्या चाळीसही मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि वाचायला लावलं. ढाणकीपासून सहा किलोमीटरवरची ती जिल्हा परिषदेची शाळा. एका मुलाला पाच-सात मिनिटं, असं करत चार दिवस गेले. त्यातून जे निघालं ते त्यांनी घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो विश्वास ठेवेना. चाळिसातली नऊ मुलं गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगत होती. बारा जणांना परिच्छेद अडखळत का होईना जमत होता. दहा जण सुटे शब्द वाचायचे, पण वाक्य आलं की थबकायचे. उरलेली नऊ अजून अक्षरांतच होती. आणि सगळ्यांच्या हातात पुस्तक एकच, पाचवीचं.

मॅडमनी चार गट केले. कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून झाडांची नावं दिली. अक्षरवाले पळस, शब्दवाले बोर, परिच्छेदवाले चिंच आणि गोष्टवाले साग. धडा सगळ्यांना एकच. आधी मॅडम तो मोठ्यानं वाचून दाखवायच्या, चित्रांवर बोलायच्या, त्यात चाळीसही जण असायचे. मग गट वेगळे व्हायचे. धडा विहिरीवरचा असेल तर पळस गट 'विहीर, पाणी, दोर' हे शब्द अक्षरकार्डांनी जुळवायचा, बोर गट शब्दांची वाक्यं करायचा, चिंच गट प्रश्नांची उत्तरं शोधायचा आणि साग गट विहिरीचं पाणी का आटलं असेल ते आपल्या मनानं लिहायचा. मॅडम रोज दोन गटांजवळ पंधरा-पंधरा मिनिटं बसायच्या. बाकीच्यांसाठी कोपऱ्यात कार्डांचे डबे असायचे, काम आटोपलं की तिथून घ्यायचं. आणि दर दुसऱ्या शनिवारी पुन्हा वाचून घ्यायचं. जो पुढं गेला तो वरच्या गटात. हे सगळ्यात महत्त्वाचं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. नाही तर गट म्हणजे कोंडवाडा.

आठ दिवसांत मुलांना सगळं कळलं. सुट्टीत कोणी तरी ओरडलं, "ए पळस, तिकडं सरक!" मॅडमनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. नाव बदलून काही होणार नव्हतं. मुलं गटातून हलत राहिली असती, तर ते चिडवणं आपोआप विरलं असतं.

ऑगस्टमध्ये दोन शनिवार जमले. सहा मुलं वर सरकली. दोन्ही वेळी सेवंती तापानं घरी होती.

सेवंती देवीलाल जाधव तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, शाळेत मराठी. विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी दाराकडं बघायची. जुलैमध्ये तिला सतरा अक्षरं ओळखता आली होती. मॅडमच्या वहीत तिच्या नावापुढं पळस लिहिलेलं होतं, आणि ते तसंच राहिलं.

सप्टेंबरात चौथीच्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मुख्याध्यापक वामनराव मॅडमच्या वर्गात आले. "मॅडम, चौथी तुमच्याकडंच बसवा लागते. थोडे दिवस."

"सर, चाळीस माझे अन् सव्वीस ते. मी गट कसे पाहू?"

"मले समजते ना. पण मी कुठून माणूस आणू?" वामनराव खरोखर हताश होते. त्यांच्याकडं सहावी-सातवी आणि सगळे कागद होते.

त्यातच मतदार यादीचं काम आलं. मग ऑनलाइन माहिती भरायची. शनिवार गेले ते गेलेच. सहासष्ट मुलांत दंगा नको म्हणून मॅडमनी एक नियम केला. आपापल्या गटाच्याच डब्यातलं काम करायचं, दुसऱ्या डब्याला हात लावायचा नाही. त्यानं वर्ग शांत झाला. भेट द्यायला आलेल्या केंद्रप्रमुखांना तो फार आवडला. भिंतीवर लावलेल्या गटांच्या चार झाडांच्या चित्रांचे त्यांनी फोटो काढले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच्या तिसऱ्या दिवशी देवीलाल शाळेत आला. उंच, वाळलेला माणूस. चपला दाराबाहेर काढून आत आला. मॅडमनी खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

"मॅडम, परवा आमची गाडी हाय. ऊसतोडीले चाललो. पोट्टा अन् पोरगी माह्या आईपाशी ठेवतो म्हणलं, पण म्हातारीले दोन नाही सांभाळता येत. एकच ठेवता येते." त्यानं दाराकडं पाहिलं. "सेवंतीचं विचाराले आलतो. शिकून राह्यली का पोरगी? वाचते का?"

मॅडमचा फोन वाजत होता. चौथीचा वर्ग पलीकडं कालवा करत होता. त्यांनी वही उघडली. सेवंतीच्या नावावर बोट ठेवलं.

"अजून अक्षरांतच आहे, भाऊ. हळूहळू येईल. तुम्ही नेऊ नका तिला, इथंच राहू द्या."

"चार महिन्यांत अक्षरच?"

"वेळ लागतो. भाषा घरी वेगळी आहे ना."

देवीलालनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "पोट्टा वाचते मॅडम, दुसरीत हाय तरी पाट्या वाचते. मग त्यालेच ठेवतो. ही येऊ दे संगं. लहानगं सांभाळाले कोणी पाह्यजेच तिथं."

मॅडम अजून बरंच बोलल्या. कायदा सांगितला, मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं विचारून पाहते म्हणाल्या. यंदा इथं वसतिगृह मंजूर झालेलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही. शेवटी त्यांनी शिक्षण हमी कार्ड भरलं, म्हणजे मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. वाचनस्तराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अक्षर'.

सेवंती दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मॅडमकडं तिनं एकदा पाहिलं आणि बापाच्या मागं निघाली.

पुढच्या सोमवारी मॅडम धडा वाचून दाखवत होत्या. साग गटातली अस्मा, ढाणकी रोडवरच्या कलीम मेकॅनिकची मुलगी, एकटीच बसली होती. सुरुवातीच्या वाचनाच्या वेळी तिच्या शेजारी सेवंती असायची.

"अस्मा, जोडीला कोणी घे. नीलिमाला घे."

"नीलिमा नको मॅडम, ते मधातच थांबते. सेवंती सरसर वाचे."

मॅडमनी पुस्तक खाली केलं. "काय वाचे?"

"आमच्या डब्यातले कार्ड. मी एक ओळ, ते एक ओळ. सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागं." अस्मा गोंधळली. आपण काही तरी चुकीचं बोललो असं तिला वाटलं. "मी कार्ड परत ठेवत होते मॅडम, एकही हरवलं नाही."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मग मला सांगितलं काहून नाही?" मॅडमच्या तोंडून वऱ्हाडीच निघाली.

अस्माचे डोळे भरून आले. "तुम्हीच म्हणलं होतं ना, दुसऱ्या डब्याले हात लावाचा नाही. सेवंती म्हणे, सांगू नको, मॅडम मारतीन."

मॅडमनी कधी कोणाला मारलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. सेवंतीची वही अजून कपाटात होती, ती त्यांनी काढली. पळस गटाची पानं नेटकी भरलेली होती. क, ख, ग, तेच ते, चार महिने. मागच्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात साग गटाच्या प्रश्नाचं उत्तर होतं. 'विहीरीच पाणी आटल कारण सगळे उपसतात कोणी भरत नाही.' ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं, अनुस्वार गळलेले होते. पण वाक्य तिचं होतं, कुठून उतरवलेलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी देवीलालला फोन लावला. तो लागला चौथ्या दिवशी, संध्याकाळी. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"भाऊ, माझी चूक झाली. सेवंतीला वाचता येतं. चांगलं येतं. मी जुनंच लिहिलेलं पाहून सांगितलं तुम्हाला."

मग देवीलाल म्हणाला, "आता कोयता उचलला मॅडम. आता कसं धाडू परत? एकटी पोरगी अडीचशे कोस?"

"तिथं शाळेत जाते का?"

"दोन दिवस गेलती. कार्ड पाह्यलं त्याइनं अन् पहिलीच्या लेकरांत बसवलं. लहान लहान पोट्टे. आता जात नाही म्हणते."

मॅडमनी तिथल्या गुरुजींचा नंबर मिळवला. ते भले होते. कार्डावर जे लिहिलं तसं बसवलं, म्हणाले. आता वरच्या वर्गात बसवतो, पाठवा. पण पाठवणार कोण? आई-बाप पहाटे फडात आणि लहानगं सेवंतीच्या कडेवर.

"तिला फोन द्या," मॅडम पुढच्या वेळी म्हणाल्या. त्यांनी साग गटाच्या डब्यातलं एक कार्ड फोटो काढून पाठवलं होतं. "सेवंती, बेटा, दिसतं का ते? वाच बरं मला. पहिली ओळ."

पलीकडं लहानगं रडत होतं.

"सेवंती?"

"मले नाही येत मॅडम."

"येतं तुला. अस्मानं सांगितलं मला. तुझी वही पाहिली मी. माझंच चुकलं होतं."

"नाही येत," ती पुन्हा म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता की भीती नव्हती. कोणी आपलं गाव सांगावं तसं तिनं सांगितलं. मग फोन बापाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मतदार यादीचे कागद टेबलावर तसेच ठेवले, चौथीला पाढे लिहायला बसवलं आणि पाचवीतल्या एकेकाला जवळ बोलावलं. दोन दिवसांत एकोणचाळीस जण झाले. त्यातली अकरा मुलं चुकीच्या गटात होती. आठ वर जायला हवी होती, तीन खाली. त्या तिघांतला एक आयुष. तीन महिने साग गटात बसून शेजारच्याचं उतरवत होता, आणि मॅडमना वाटत होतं तो झपाट्यानं पुढं जातो आहे.

वामनरावांनी कागद पाहिला. "नोव्हेंबरची माहिती आपण भरलेली हाय मॅडम. आता हे बदललं तर वरून विचारतीन, या तिघांची प्रगती खाली कशी गेली म्हणून."

"विचारू द्या."

"अन् यादीचं काम?"

मॅडमनी वही उघडून मुलांचे गट बदलायला घेतले. "तुमचं बरोबर हाय," वामनराव म्हणाले, "पण पुढच्या आठवड्यात करान ना तुम्ही हे? त्याच्या पुढच्या?"

त्यांनी खरंच करून पाहिलं. डिसेंबरात एक शनिवार झाला. जानेवारीत एकही नाही. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेवर नेमणूक आली. चौथीला गुरुजी आले नाहीत. डब्यांचा नियम त्यांनी काढून टाकला होता, त्यामुळं वर्गात सतत गलका असायचा. पुढच्या भेटीत केंद्रप्रमुखांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्गनियंत्रण असमाधानकारक'.

एप्रिलच्या शेवटी ऊसतोडीच्या गाड्या परतायला लागल्या. देवीलालची आली नाही. तो तिथंच वीटभट्टीवर थांबला, असं तांड्यावरून कळलं. मॅडमनी हजेरीपटावरचं सेवंतीचं नाव कमी केलं नाही. रोज सकाळी त्या नाव घेतात, मुलं एका सुरात 'गैरहजर' म्हणतात, आणि त्या पुढचं नाव घेतात.