तुमच्याकडे जेव

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या मोतीशेठच्या मोबाईलच्या दुकानात भावना काउंटरवर बसायची, आणि मराठी मेसेजचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला शेठ थेट तिच्याकडेच ढकलायचे. "भावना, देख जरा, इनके फोन में डिब्बे आ रहे हैं," असं म्हणून ते पुन्हा कव्हरं मोजायला मोकळे. स्वतः सिंधी माणूस, देवनागरी वाचायला बसायचा कंटाळा, आणि मुलगी हुशार. शेठ काही खुळे नव्हते.

भावनाचं निदान सोपं होतं. फोनवर चौकोन दिसले तर ती म्हणायची, "घाबरू नका, अक्षरं शाबूत आहेत, तुमच्या फोनला ती काढता येत नाहीत एवढंच." सिम काढून हिंदी येणाऱ्या फोनमध्ये घातलं, की चौकोनांची अक्षरं व्हायची आणि गिऱ्हाईक तिच्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसं बघायचं. पण प्रश्नचिन्हांची रांग आली असेल, तर ती मान हलवायची. ती अक्षरं वाटेतच कुठल्यातरी यंत्राने पुसून टाकलेली असायची. मग ज्याने पाठवला त्यालाच विचारायचं, दुसरा इलाज नाही.

एवढं सगळं येणाऱ्या या मुलीच्या घरातच एक मेसेज सहा महिने नासत पडला होता.

तिचे वडील सुदाम अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. बदलापूरचे धर्मराज त्यांचे जिगरी. एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागात, दोघांनी हाडं झिजवली, एकाच पेपरवर डबे उघडले. धर्मराजकाकांच्या घरची सुकटीची चटणी आणि भावनाच्या आईचं, म्हणजे चांगुणाबाईंचं, मटण यांची अदलाबदल फॅक्टरीत सगळ्यांना ठाऊक होती. कुणी नाक मुरडलं तर धर्मराजकाका म्हणायचे, "तुला नको असंल तर तुझा वाटा पण इकडं दे." दोस्ती अशी होती. म्हणून तर मनालीच्या, भावनाच्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाची पहिली पत्रिका बदलापूरला गेली.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तो मेसेज आला.

घर पाहुण्यांनी भरलेलं. सुदामरावांचा हँडसेट जुना, त्यात नुसते चौकोन. वर पाकिटाचं चिन्ह सारखं लुकलुकत होतं, ते वेगळंच. नाव मात्र धर्मराजचं. "वाच गं, काय म्हणतोय बघ. सकाळी किती वाजता येतोय?" म्हणत त्यांनी हौसेने फोन भावनाच्या हातात दिला. तिने सिम आपल्या फोनमध्ये घातलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली.

"सुदाम, लग्नाला आम्हाला येता येणार नाही. घरचे म्हणतात तुमच्याकडे जेव"

तिथेच संपलं. शब्दसुद्धा पुरा झाला नव्हता.

"पुढचं आलं नाही बाबा. अर्धाच आलाय. फोन लावून विचारू?"

सुदामरावांनी हात आडवा केला. चेहरा असा झाला होता, की भावनाने तो आधी कधी बघितला नव्हता, आणि पुन्हा बघायची तिला इच्छा नव्हती.

"कशाला विचारायचं? पुढचं मला पाठ आहे."

चांगुणाबाईंनाही पाठ होतं. गावात, चाळीत, फॅक्टरीच्या कँटीनमध्ये ते वाक्य त्यांच्या आयुष्यात इतक्या वेळा पुरं झालं होतं, की कुणी "तुमच्याकडे जेव" म्हणून थांबलं तरी पुढचे शब्द आपोआप कानात पडायचे. लग्न झालं, बुद्धवंदना झाली, जेवणावळी उठल्या. सुदामराव सगळ्यांशी हसून बोलत होते आणि दर थोड्या वेळाने मांडवाच्या दाराकडे बघत होते. भावनाला धर्मराजकाकांचा असा काही राग आला, की विचारू नका.

त्यानंतर घरात धर्मराजचं नाव काढायची बंदी. फॅक्टरीतला कुणी भेटून त्याचा विषय काढू लागला, तर सुदामराव तिथेच तोडून टाकायचे. बदलापूरहूनही फोन नाही की निरोप नाही. मग काय, खात्रीच पटली.

दिवाळी झाल्यावर मनालीच्या नवऱ्याने सासऱ्यांना नवा फोन घेऊन दिला. जुन्या सिमवरचे नंबर उतरवून घ्यायला भावनाने ते दुकानात नेलं. शेठनी एवढ्यात सिम वाचायचं यंत्र आणलं होतं. सिम त्यात सरकवलं की सिमवरचं सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडं पडायचं. नंबर उतरले. खाली मेसेज आले. जागा काठोकाठ भरलेली: पत्रिका मिळाल्याचे, अभिनंदनाचे, कंपनीच्या जाहिरातींचे. सुदामरावांनी एकही पुसला नव्हता. आणि मध्ये धर्मराजचा. शेजारच्या रकान्यात यंत्राने लिहिलं होतं, भाग एक, एकूण तीन.

भावना खुर्चीत ताठ झाली.

इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजमध्ये ऐसपैस मावतं. मराठीत लिहिलं की जागा निम्म्याहून कमी होते, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकीला वेगळी जागा लागते. मग लांब मेसेजचे तुकडे होऊन ते एकामागून एक निघतात. हा पहिला आला, त्याने सिमवरची शेवटची जागा घेतली. मागचे दोन दारात उभे राहिले. ते लुकलुकणारं पाकीट त्यांचंच होतं! एखादी जाहिरात पुसली असती तर ते आत आले असते. लग्नाच्या गडबडीत कोण पुसतंय? कंपनीने दोन-चार दिवस वाट बघितली असेल आणि दिले असतील टाकून. म्हणजे धर्मराजकाका "तुमच्याकडे जेव" वर थांबलेच नव्हते. ते बरंच काही बोलले होते आणि या घरात कुणी ते ऐकलंच नव्हतं.

"शेठ, बाकी के दो टुकडे कहीं से मिलेंगे?"

"साईं, जो आया ही नहीं वो कार्ड में किधर से मिलेगा? भेजनेवाले के फोन में होगा तो होगा."

तिने घरी जाऊन वडिलांना सांगितलं. सुदामरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका तुकड्यात सांगितलं काय अन् तीन तुकड्यांत काय. जास्त जागा लागली म्हणजे जास्त गोड बोलला असंल."

आता हे खोडून कसं काढायचं? भावनालाही तीच भीती होती. उरलेलं खरंच तसंच निघालं तर? आत्ता निदान वाक्य अर्धं आहे. अर्ध्या वाक्यात थोडी तरी जागा असते. ते पुरं करून आणलं आणि वडिलांच्या हातात पुरावाच ठेवला तर? दोन दिवस तिने ते मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी शेठकडून सुट्टी मागून, घरी न सांगता, ती बदलापूरला गेली.

दार कौसाबाईंनी, काकांच्या बायकोने उघडलं. एरवी "ये गं बाय माझी" म्हणून कवटाळणारी बाई नुसती बाजूला सरकली. पडवीत भिंतीवर नवा फोटो होता. काकांचे थोरले भाऊ शंकरराव. फोटोला हार, आणि खाली वारल्याची तारीख. मनालीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची.

भावना तिथेच उंबऱ्यावर बसली.

धर्मराजकाका आतून आले. वाळले होते. "बापानं धाडलं का?"

"नाही काका. त्यांना माहीत नाही. तुमचा तो मेसेज आम्हाला पुरा मिळालाच नाही. पहिला तुकडाच आला."

काकांनी खिशातून फोन काढला, पाठवलेल्या मेसेजमध्ये जाऊन तो शोधला आणि तिच्यापुढे धरला. पुसला नव्हता. सहा महिने तो माणूस रागाने तो पुन्हा पुन्हा वाचत बसला होता.

"सुदाम, लग्नाला आम्हाला येता येणार नाही. घरचे म्हणतात तुमच्याकडे जेवायला सुतकात येऊ नये. शंकरदादा आज गेला. लग्नघरात कुणाला सांगू नको, मनालीचा आनंद नासायला नको. लग्न आटपलं की तू येऊन जा. फार एकटं वाटतंय."

मरणाची बातमी लग्नघरात पहिल्या ओळीत द्यायची नसते, म्हणून त्या भल्या माणसाने ती मागे ठेवली होती. आणि मागे ठेवलेलंच तेवढं गळून पडलं.

"मी दाराकडं बघत बसलो," काका म्हणाले. "दहावं झालं, बारावं झालं. सगळी फॅक्टरी आली. तो नाही आला."

"मी त्यांना घेऊन येते काका. नाहीतर तुम्हीच चला ना माझ्याबरोबर, आत्ता."

"मी नाय येणार पोरी. दुःखाच्या घरी लोकांनी यायचं असतं. आपण बोलवायला जायचं नसतं."

घरी येऊन भावनाने काहीही समजावून सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा, शंकरकाका वारले. लग्नाच्या आदल्या दिवशी. मेसेज त्याच बातमीचा होता." सुदामराव उठले, खुंटीवरचा सदरा घातला, बटणं वरखाली लागली, तसेच निघाले. ती मागून धावली.

बदलापूरच्या त्या पडवीत दोघे समोरासमोर बसले. सुदामरावांनी आधी फोटोला हात जोडले. मग धर्मराज म्हणाले, "तुला असं वाटलंच कसं रं माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल नाही वाटलं," सुदामराव म्हणाले. "जन्मभर ज्यांनी ज्यांनी ते वाक्य मला पुरं करून ऐकवलं ना, ते सगळे मध्ये बोलले. तू थांबलास, अन् त्यांनी सुरू केलं."

धर्मराजांनी मान खाली घातली.

"मी फोनच करायला पाहिजे होता," ते म्हणाले. "पर बोलायला लागलो असतो तर रडलो असतो. लग्नघरात तेच नको होतं."

"मग आता रड की," सुदामराव म्हणाले आणि सरकून त्यांच्या शेजारी बसले.

तो वयस्कर माणूस मित्राच्या खांद्यावर डोकं टेकून भावासाठी रडला, मोठ्याने, जसं बाराव्याच्या आत रडायचं राहून गेलं होतं तसं. कौसाबाई दारापर्यंत आल्या, त्यांनी बघितलं, आणि भावनाचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.