मध्यान्हपूर्व

तपासनीस बाईंना नव्या प्रयोगशाळेत नोकरी जवळजवळ मिळाल्यात जमा होती. अडलं होतं फक्त अनुभवपत्रावर. सात वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात काटे तपासले, हे बाईंना ठाऊक होतं, काट्यांना ठाऊक होतं. पण प्रयोगशाळेला ते कारखान्याच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी हवं होतं. तेही उद्या सकाळी.

"जाशील तशी येशील," नवरा म्हणाला. माणसं असं काहीबाही बोलून जातात.

कारखाना बंद पडला होता, पण दार उघडं होतं. उंबऱ्याला लागून जमिनीत बसवलेला तोच जुना काटा, ज्यावरून आल्याशिवाय आत येताच येत नसे. बाईंनी पाऊल ठेवलं. काटा करकरला आणि त्यांचं खरं वजन सांगून मोकळा झाला. तो बाईंनीच जुळवलेला होता, त्यामुळे दोष कोणाला देणार?

आत आस्थापनेचे कारकून बसले होते. सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. पंखा बंद असूनही त्यांच्या टेबलावरचे कागद हळूहळू हलत होते. समोर चहाचे दोन कप होते, दोन्ही वाफाळते.

"या बाई. बसा. उशीर केलात."

बाईंनी फोन केलेला नव्हता. चहा मात्र नेमका बिनसाखरेचा होता.

काम सांगितल्यावर काकांनी हजेरीपट उघडला. त्यात बाईंचं नाव होतं, आणि त्यापुढे आजची हजेरीही लागलेली होती. बाईंनी राजीनामा दिला होता, महिन्याची मुदत भरली होती, ओळखपत्र परत केलं होतं. पण कार्यमुक्तीचा आदेश काही कोणी काढला नव्हता. तो निघाल्याशिवाय अनुभवपत्रात 'पासून' लिहिता येतं, 'पर्यंत' लिहिता येत नाही. व्यवस्थापक गेले, मालक गेले. सहीचा अधिकार घरंगळत पटावर उरलेल्यांकडे आला होता. आणि उरले होते दोघंच.

"मग तुमचीच सही करा की, काका."

"करतो ना. पण मीही अडकलोय. स्वतःचं पत्र स्वतःला देता येत नाही. तुमचं मी, माझं तुम्ही." काकांनी दाराशेजारच्या कपाटावरून शिक्का काढायला उंबऱ्याजवळच्या काट्यावर उभं राहून हात उंचावला. काटा शून्यावरच राहिला.

बिघडला वाटतं, असं बाईंना वाटलं. मान्य करायला त्या तयार नव्हत्या, तरी वाटलं.

काकांनी दोन टंकलेले कागद पुढे केले. दोन्हीत कार्यमुक्ती आणि अनुभव एकत्रच होतं. आता आधी कोणाचं? बाईंनी वयाचा मान राखला. मोठ्यांना आधी, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. सात वर्षांत एकाही काट्यावर त्यांनी न तपासता सही केली नव्हती. काकांचा कागद मात्र नुसता सरळ केला, आणि सही ठोकली. काकांनी शिक्का मारला, कागदावर फुंकर घातली.

"आता माझं," बाई म्हणाल्या.

काका उठले. त्यांच्या गालांवर हळूहळू रंग येत होता.

"कार्यमुक्त माणसाची सही चालत नाही, बाई."

बाईही कच्च्या नव्हत्या. कार्यमुक्ती दिवस संपल्यावर धरतात. संध्याकाळपर्यंत तुम्ही इथलेच, असं त्यांनी शांतपणे सुनावलं. काकांनी तारखेपुढच्या कंसावर बोट ठेवलं. मध्यान्हपूर्व. म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधीच काका कारखान्याचे उरले नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता.

"वाचून सही करायची असते," काका म्हणाले. आवाजात माया होती, तेच वाईट. "माझ्यावेळी मलाही कोणी सांगितलं नाही."

ते दाराकडे गेले. त्यांचं पाऊल पडताच काटा दणकून करकरला. भरभक्कम गृहस्थ होते. रस्त्यावर गेल्यावर त्यांनी उन्हाकडे पाहून शिंक दिली.

बाई त्यांच्यामागे धावल्या. काट्यावर पाऊल टाकलं. काटा गप्प. दुसरं पाऊल टाकलं. काटा शून्यावर. त्यांनी वाकून पाहिला, ठोकून पाहिला. काटा अगदी अचूक होता. उंबरा मात्र काही ओलांडला जाईना.

फोन वाजला. नवरा विचारत होता, मिळालं का पत्र?

"मिळतंय," बाई म्हणाल्या. "सहीला माणूस यायचाय. तू जेवून घे."

मग त्यांनी हजेरीपट उघडला. पटावर आता एक नवीन नाव दिसत होतं, जे मघाशी नव्हतं: भट्टीवरचा जुना जोडारी, भांडून निघून गेलेला, कार्यमुक्ती न घेतलेला. कधीतरी त्यालाही कागद लागेलच. लोकांना लागतोच.

बाईंनी टंकयंत्र ओढलं आणि स्वतःचं पत्र स्वच्छ टंकलं. तारखेची जागा कोरी ठेवली. तिच्यापुढे कंस केला, आणि कंसातला शब्द दोनदा तपासला.

जोडारी चहात साखर किती घेतो, ते त्यांना अचानक आठवलं.