पडणे, घसरणे आणि पतन

उपसंचालकांनी अहवालाची फाइल पाठवली तेव्हा सोबत एकच ओळ लिहिली होती : एका हाताने लिहिल्यासारखा वाटू द्या, बस्स. संपादिकेने ती ओळ वाचली आणि आधी चहा ठेवला. हे 'बस्स' तिने आजवर इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यामागे किती काम दडलंय हे तिच्या पाठीलाच आधी कळायचं.

अहवाल होता एका मोठ्या, जुन्या रुग्णालयाचा. वॉर्डात आणि न्हाणीघरात रुग्ण पडतात, ते कसं थांबवायचं, यावर. तिघांनी मिळून लिहिलेला. म्हणजे खरं तर तिघांनी वेगवेगळा लिहून एकापुढे एक जोडलेला. वॉर्डांचं प्रकरण मेट्रनबाईंचं, दुखापतींचं हाडांच्या डॉक्टरांचं, आणि फरश्या, कठडे, दिवे यांचं इमारत सांभाळणाऱ्या इंजिनियरचं. एकाने दुसऱ्याचं अक्षरही वाचलेलं नव्हतं, हे पहिल्या दहा पानांतच दिसत होतं.

मेट्रनबाई बोलल्यासारखं लिहायच्या. 'आम्ही पेशंटला सांगतो, उठायचं तर बेल वाजवा.' डॉक्टरांच्या प्रकरणात माणूस औषधालाही नव्हता. सगळं 'करण्यात आले', 'आढळून आले', आणि पडण्याला त्यांनी शब्द योजला होता 'पतन'. इंजिनियरच्या लेखी रुग्ण हा 'वापरकर्ता' होता, आणि तो पडत नसे. त्याच्या बाबतीत 'घसरण्याची घटना' घडत असे.

संपादिकेची मोठी नणंद, ताई, त्या आठवड्यात तिच्याकडेच होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वाचायला बंदी, आणि जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून बसलेली असल्यामुळे ऐकायची सवय दांडगी. संपादिका मजकूर मोठ्याने वाचून तपासायची. कानाला खटकतं ते डोळ्याला दिसत नाही, हा तिचा अनुभव. मग श्रोता आयताच मिळाला.

"रुग्णांच्या पतनाचे प्रमाण निम्म्यावर आले," तिने वाचलं.

"चारित्र्य सुधारलं म्हणायचं सगळ्यांचं," ताई पडल्या पडल्या म्हणाल्या.

संपादिकेला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायलाही वेळ लागला. तिला कंटाळा आला होता. या अहवालाचाच असं नाही. बाकीच्यांनी पसरायचं आणि आपण आवरायचं, या गोष्टीचाच.

रीतसर तिने शब्दसूची केली. एका गोष्टीला एकच शब्द : रुग्ण, पडणे, वॉर्ड, न्हाणीघर. कर्ता शक्यतो 'रुग्णालय'. 'आम्ही' कुठेही नाही. तिघांना पाठवली, कोणाची हरकत आहे का विचारलं. इंजिनियरने 'चालेल' कळवलं. बाकी दोघांकडून चकार शब्द नाही. वाट पाहायला वेळ नव्हता; विश्वस्त मंडळाची बैठक सोमवारी होती. तिने कामाला हात घातला.

हे काम यंत्राच्या एका फटक्यात होत नाही, हे लोकांना पटत नाही. 'पेशंट'च्या जागी सरसकट 'रुग्ण' घातलं की 'पेशंटला'चं 'रुग्णला' होतं, 'पेशंटने'चं 'रुग्णने'. 'घटना' काढून 'पडणे' घातलं तर 'न्हाणीघरात झालेली पडणे' असं काहीतरी निपजतं. म्हणून एकेक शब्द शोधायचा, थांबायचं, वाक्य पुन्हा बांधायचं, पुढे जायचं. तिने तसंच केलं. डॉक्टरांचं 'पतन' गेलं, इंजिनियरची 'घटना' गेली, मेट्रनबाईंचं 'आम्ही' गेलं. शनिवारी सकाळी अहवाल खरोखरच एका हाताचा वाटू लागला.

आणि तिथेच घोडं अडलं.

मेट्रनबाईंच्या प्रकरणात आता लिहिलं होतं, की वर्षभरात रुग्ण पडण्याचे चौऱ्याऐंशी प्रसंग झाले. डॉक्टरांच्या प्रकरणात, त्याच वर्षी, त्याच वॉर्डांत, रुग्ण पडण्याचे प्रसंग तेवीस. आधी एकीकडे 'पडला' होतं आणि दुसरीकडे 'पतन', तोवर हे दोन आकडे शेजाऱ्यांसारखे एकमेकांकडे न बघता नांदत होते. शब्द एक झाला आणि ते समोरासमोर आले.

तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नर्सिंगवाले उगाच आकडा फुगवतात, चिकटपट्टीही न लागलेली माणसं मोजतात. मग मेट्रनबाईंना. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना आपला विभाग चकचकीत दाखवायचाय, दुसरं काय. शेवटी तिने उपसंचालकांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मॅडम, डॉक्टरांचा तो जुना शब्द परत घाला ना, कोण एवढं बघतंय.

फोन ठेवून तिने फाइल उघडली. परत घालणं सोपं होतं. घटकाभराचं काम, आणि रविवार मोकळा. कोणी पाहिलंच नसतं, हेही खरं. तिने 'पतन' हा शब्द टाइपही केला. मग तिला वाटलं, आपण इतके दिवस शब्द एक करत होतो ते दिसायला बरं म्हणून, की वाचणाऱ्याला कळावं म्हणून? तिने शब्द पुसला, रुग्णालयात येते म्हणून दोघांना कळवलं आणि साडी बदलायला उठली.

मेट्रनबाईंची खोली दोन वॉर्डांच्या मधे होती. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता, टेबलावर झाकण लावलेला पाण्याचा पेला, कोपऱ्यात चाक निखळलेली खुर्ची. दुपारची पाळी बदलत होती. डॉक्टर शस्त्रक्रियेतून थेट आले, हनुवटीखाली मास्क तसाच. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, पण बसले ते तिच्या दोन बाजूंना, टोकाला.

मेट्रनबाईंच्या हातात तिने आदल्या दिवशी पाठवलेल्या कच्च्या प्रतीची छापील पानं होती. आकड्यांविषयी त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी एक पान काढून पुढे सरकवलं.

"बाई, हे मी लिहिलेलं नाही."

वाक्य होतं : 'मनुष्यबळाच्या अभावी रात्रपाळीत रुग्णांकडून घंटेचा वापर कमी होतो.' संपादिकेने मूळ वाक्य आठवून पाहिलं. मेट्रनबाईंनी लिहिलं होतं, की म्हातारी पेशंट बेल वाजवत नाहीत, कारण पोरी दमलेल्या दिसतात त्यांना, उठवायला जीव होत नाही. मग एकटीच उठतात.

"माझ्याकडे रात्री पोरी असतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "पुरेशा असतात. मी अभाव कुठे म्हटलं? त्यांची दया येते म्हणून बेल वाजत नाही. याला उपाय वेगळा, त्याला उपाय वेगळा. तुम्ही माझी भाषा बदललीत, माझी ना नव्हती. माझं म्हणणं का बदललंत?"

 ते वाक्य संपादिकेने दमलेल्या संध्याकाळी बदललं होतं, बाकीच्या मजकुराच्या साच्यात बसेना म्हणून. साच्यात तर ते छान बसलं होतं. ती म्हणाली, "चुकलं माझं. ते मी परत करते." एवढंच. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

मग तिने आकडे काढले, आणि कोण खरं असं न विचारता विचारलं, की तुम्ही नेमकं काय मोजता. मेट्रनबाईंनी सांगितलं, माणूस न ठरवता जमिनीवर आला की ते पडणं. लागो न लागो. पोरीने धरून हळूच खाली बसवला तरीसुद्धा, कारण ती नसती तर आपटलाच असता. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे येतो तो ज्याला लागलंय तो. मी तेवढेच मोजणार. दोघंही बरोबर होते. शब्द तेवढा दोघांनी आपापल्या घरचा वापरला होता.

वॉर्डांच्या नोंदवहीत एकेक नोंद बघता बघता मेट्रनबाईही एके जागी थांबल्या. एका वॉर्डातल्या नव्या मुलीने या वर्षापासून 'पडता पडता वाचला' तेही पडण्यातच धरले होते. असे अकरा निघाले. मेट्रनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ते अकरा पेन्सिलीने खोडले.

"मग असं लिहू," संपादिका म्हणाली. "पडण्याचे प्रसंग त्र्याहत्तर. त्यांपैकी इजा झालेले तेवीस. व्याख्या पहिल्याच पानावर. आणि घसरणे हे पडण्याचं एक कारण, म्हणून इंजिनियरसाहेबांचा तो शब्द मी उगीच पुसला, तो त्याच्या जागी परत येईल."

डॉक्टर पुढे झुकले. "म्हणजे माझा निष्कर्ष गेला. पडणं निम्म्यावर आलं, हे आता लिहिता येणार नाही."

"इजा निम्म्यावर आल्या, असं येईल. पडणं या वहीप्रमाणे गेल्या वर्षीएवढंच आहे."

डॉक्टरांनी हनुवटीखालचा मास्क काढून खिशात घातला. त्यांनी दोन वर्षं बिछान्यांची उंची कमी करायला लावण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, हे तिला मेट्रनबाईंच्याच प्रकरणातून माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "पडतात तेवढेच, पण लागत कमी. ठीक आहे. ते खरं आहे." आणि जाता जाता, दारातून, "ते पतन तेवढं काढलंत ते बरं केलंत. मला कोशात तेच सापडलं होतं."

रविवार गेला. सगळा अहवाल तिने पुन्हा पहिल्यापासून घेतला, आणि या वेळी उलट्या दिशेने. मेट्रनबाईंना डॉक्टरांच्या भाषेत आणण्याऐवजी डॉक्टरांना आणि इंजिनियरना साध्या भाषेत आणलं. 'बिछान्यांची उंची कमी करण्यात आली' याचं 'हाडांच्या विभागाने बिछान्यांची उंची कमी केली' झालं. जिथे कर्ता सापडेना तिथे फोन करून विचारलं. मान आखडली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. ताईंनी स्वयंपाकघरात चाचपडत खिचडी टाकली आणि ती चक्क खाली लागली; दोघींनी वरवरची खाल्ली. जेवण झाल्यावर तिने शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"कुठे माणूस बदलल्यासारखं वाटलं?" तिने विचारलं.

"नाही. पण कोण बोलतंय तेही कळलं नाही."

"ते कळायचं नसतंच."

"मग तू एवढी मरतेस कशाला?" ताई म्हणाल्या. रागाने नाही, काळजीनेच.  संपादिकेने फाइल पाठवून दिली.

बैठकीला तिला बोलावलं होतं ते छपाईच्या खर्चाबद्दल काही विचारायचं झालं तर म्हणून. ती मागच्या खुर्चीत बसली. विश्वस्तांपैकी एक वयस्क गृहस्थ, पानं उलटता उलटता थांबले. इजा कमी झाल्या पण पडणं तेवढंच, म्हणजे लोक अजून एकटेच उठतात, ते का उठतात, असं त्यांनी विचारलं. उपसंचालक चाचरले. डॉक्टरांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, हे त्या सांगतील. मेट्रनबाईंनी सांगितलं, त्या बेल न वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांचं. बराच वेळ सांगितलं. शेवटी ठरलं, की रात्री बेलची वाट न बघता ठरावीक वेळाने कोणीतरी प्रत्येक बिछान्यापाशी जाऊन, न्हाणीघरात जायचंय का, असं आपणहून विचारायचं. एका वॉर्डात करून बघायचं आधी. फार मोठा निर्णय नव्हता.

बाहेर येताना उपसंचालक तिला म्हणाले, "छान झालं मॅडम. वाचताना काही जाणवतच नाही. फारसं काही करावं लागलं नसेल ना?"

"नाही, फारसं नाही," ती म्हणाली.

रस्त्यावर ऊन होतं. बसथांब्याच्या बाकावर ती टेकली आणि पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटले. तिची बस आली, दार उघडून थोडी थांबली आणि निघून गेली. तिला ते ऐकू आलं. तिने डोळे उघडले नाहीत.