दोन टनांचे आईबाप

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचायची सरांची पद्धत जगावेगळी. शेवटचं पान आधी. मग परिशिष्टाकडून निष्कर्षाकडे, निष्कर्षाकडून गणिताकडे, असं मागं मागं येत प्रस्तावनेपर्यंत. म्हणून पोरं त्यांना उलटे सर म्हणायची. त्यांची सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसता येत नसे, आणि सहीची मुदत, शुक्रवार, चार दिवसांवर होती.

जाड चष्म्याच्या ढापणीला याची काडीचीही चिंता नव्हती. विषयच घरचा होता, डॉक्टर मावशीच्या छोट्या दवाखान्याची वातानुकूलन योजना. तिनं आणि तिच्या जोडीदारानं, म्हणजे अखंड बडबडणाऱ्या पंपानं, सत्तर पानं झोकात बांधून आणली होती.

सरांनी निष्कर्ष वाचला. "दोन टनांचं यंत्र पुरेसं आहे. बरं. या वाक्याचे आईबाप कुठं आहेत?"

"पाचव्या प्रकरणात, सर. उष्णतेच्या भाराचं गणित," पंप म्हणाला.

सरांनी पान उलटलं. उत्तर होतं बरोब्बर २.०० टन. सरांनी चष्मा काढला. "तीस वर्षांत पहिल्यांदा पाहतोय. दुकानात यंत्र मिळतं त्याच मापाचा दवाखाना बांधलाय! आणि पाचव्याचे आईबाप? जागेची पाहणी कुठाय? चौथ्या प्रकरणात नुसती सिनियर लोकांच्या रिपोर्टमधून उचललेली आकृती दिसतेय."

ढापणीचे कान लाल झाले. गोष्ट अशी की, दोन महिन्यांपूर्वी मावशीनं विचारलं, "किती टनांचं घेऊ गं?" आणि हिनं भाव खात सांगितलं, "दोन!" मावशीनं ते घेऊन भिंतीवर लावलंसुद्धा. मग रिपोर्टमध्ये दुसरं काय लिहिणार? दोन मांडलं आणि माणसं, खिडक्या मागून बसवल्या. आधी कळस, मग पाया.

"पाहणी करा. जे निघेल ते लिहा," सर म्हणाले. "खोटं लिहिलंत तर सही विसरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं टेप घेऊन दवाखान्यात. पडद्यानं दोन केलेली एकच मोठी खोली, मागं सामानाची एक छोटी. रिपोर्टमध्ये माणसं सहा, बाकांवर अकरा आणि मावशी धरून बारा. पश्चिमेच्या काचेला कसलाच आडोसा नाही, ऊन थेट टेबलावर. आणि कोपऱ्यात अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, फुसफुसत होतं. ते तर रिपोर्टमध्ये नव्हतंच! रोज साडेतीनला मावशी ते लावायची, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी. ऊन, छप्पर, माणसं, त्यांना लागणारी बाहेरची ताजी हवा, दिवे, सगळं धरून पंपानं बेरीज केली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. दोन पूर्णांक चार टन.

आता मावशीला सांगायचं कोणी? पंपाला अचानक तहान लागली आणि तो बाहेर सटकला.

"मावशी," ढापणी म्हणाली, "माझं चुकलं. मी न मोजता सांगितलं. तुझं यंत्र दुपारी कमी पडतं."

मावशी खुर्चीतून उठली. "साडेतीनला?"

"हो."

"घामानं निथळतात माणसं? कानशिलं तापतात?"

"हो गं, सॉरी."

"अगं कार्टे!" मावशी ओरडली. बाकांवरचे पेशंट दचकले. "मला वाटलं माझं वय झालं! दोन महिने दुपारी मला उकडतंय. थायरॉइड तपासलं, हार्मोन्स तपासले, साखर तपासली. सगळं नॉर्मल! मैत्रिणींना सांगून बसले, की संपलं आता माझं तारुण्य!"

आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ढापणीही हसली.

गुरुवारपर्यंत ऑटोक्लेव्ह मागच्या खोलीत गेलं, तिथं वाफ बाहेर फेकणारा पंखा होताच. काचेवर बाहेरून छज्जा आला. नवी बेरीज दोन टनांच्या आत बसली, वर थोडी जागा राखून. रिपोर्टमध्ये जुनी चूक, नवी पाहणी आणि 'भार कमी करण्याचे उपाय' हे प्रकरण, सगळं क्रमानं आलं.

शुक्रवारी सरांनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान उघडलं.

"हा थायरॉइडचा रिपोर्ट इथं काय करतोय?"

"परिशिष्ट, सर," ढापणी म्हणाली. "डॉक्टरांना दुपारी उकडत होतं. आजार नव्हता, हा त्याचा पुरावा. डॉक्टरांनीच लावायला दिलाय."

"आणि वयावर पट्टी कशाला?"

"तेवढीच अट होती त्यांची."

सर मागं मागं वाचत प्रस्तावनेपर्यंत आले. पेन काढलं आणि सही केली.

"या दोन टनांना आता आईबाप आहेत," ते म्हणाले. "मावशीसुद्धा आहे."