शून्यावरचा काटा

धाकट्या सुनेचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. टोमॅटोच्या वाफ्यातल्या, जमिनीची ओल सांगणाऱ्या टेन्शिओमीटरचा काटा काल अठरावर होता; माती सुकेल तसा तो चढतो. वाळूची जमीन, वीस झाले की पाणी सोडायचं, हा नियम तिचाच. आणि आज थेंबभर पाणी न देता काटा शून्यावर!

"शून्य म्हणजे ओल भरपूर," मोठे दीर म्हणाले. "हट्टानं यंत्र आणलंस ना? मग ऐक आता त्याचं."

दुपारी ती चौथ्यांदा वाफ्यात गेली. झाडांनी माना टाकल्या होत्या. तिनं मुळाशी बोटं खुपसली. वाळू कोरडी ठणठणीत, मुठीतून भुरुभुरु सांडली. मग तिचं लक्ष यंत्राच्या पाणी भरलेल्या नळीकडे गेलं. आतलं पाणी निम्म्यावर उतरलं होतं आणि टोपण सैल. काल नळी भरून तिनंच ते नीट आवळलं नव्हतं. कोरडी वाळू नळीतलं पाणी ओढते, त्या ओढीनंच काटा चढतो; हवा शिरल्यावर ती ओढ काट्यापर्यंत पोचणार कशी?

तिनं कपाळावर हात मारला. "भाऊजी, मोटार चालू करा!"

"आणि तुझं यंत्र?"

"त्याला काय बोलता? तोंड मीच उघडं ठेवलं होतं."