सात नंबरची राखण

रिकामं घर भरल्या घरापेक्षा जास्त त्रास देतं, असं मेजुमाचं ठाम मत होतं. भरल्या घरात माणसं ओरडतात तरी. रिकामं घर गुपचूप कुजतं आणि मग एका दिवसात तुमचं नाव घालवतं.

मोंबासातल्या त्या चार मजली इमारतीची ती राखणदार. जिन्यामागची खोली तिला कामाबरोबर मिळालेली, आणि त्या खोलीत तिचा नवरा अथमान चार वर्षं पाठीवर पडून होता. माडावरून पडला तेव्हापासून कमरेखाली तो गेल्यातच जमा. काम गेलं तर खोली जाणार, आणि असं अंथरुणाला खिळलेलं माणूस घेऊन कोण कुणाच्या दारात उभं राहणार? म्हणून सात नंबरच्या फ्लॅटचं दुखणं तिला स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त सलायचं.

तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट फेब्रुवारीपासून रिकामा होता. त्यात मोठ्या पावसाचे दिवस. घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा मुनीर फोनवर रोज बजावत होता, "एक तारखेला डॉक्टरबाई राहायला येतायत. भिंतीवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी परत जातील. मग मालकाला तोंड तू दाखव, मी नाही."

"दाखवीन की. तुमच्यापेक्षा बरं आहे माझं तोंड," मेजुमा म्हणायची. मुनीर हसायचा. तो हसला की तिला आणखी एक आठवडा सुटल्यासारखं वाटायचं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ऊन पडल्यावरच ती वर जायची. समोरासमोरच्या खिडक्या दोन तास उघड्या टाकायची, म्हणजे वारा आरपार जातो. पाऊस असला की नाही, कारण मग ओलच आत येते. गाद्या भिंतीपासून लांब उभ्या, कपाटांची दारं उघडी, आत वाडग्यात कोळसा. फ्रिजचं दार फडकं अडकवून किलकिलं ठेवलेलं. न्हाणीतल्या मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, कारण नळीतलं पाणी आटलं की झुरळं तिथूनच वर येतात. पट्टी काढायची, नळीत तांब्याभर पाणी ओतायचं, वर चमचाभर तेल, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. मग जाळी पुसून परत पट्टी. फ्लॅटच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह मात्र गंजून उघडाच अडकला होता. तिने ते दोनदा कळवलं होतं आणि मुनीर दोनदा "बघतो" म्हणाला होता.

चावी तिच्या खोलीत खिळ्याला, शेजारी वही. जो चावी नेईल त्याने नाव आणि वेळ लिहायची, परत आणली की सही करायची. स्वतःचं नाव लिहायचा मेजुमाला कंटाळा. आपलीच चावी आपणच आपल्याला काय लिहून द्यायची, असं तिचं म्हणणं. मुनीरने कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी माकामे आला. झुरळं-वाळवीचं औषध मारणारा म्हातारा, मूळचा पेंबा बेटाचा. वहीत नाव लिहिताना प्रत्येक अक्षर तो कोरून काढायचा. चौकटींना टिचक्या मारून त्याने वाळवी तपासली, ओट्यामागे औषध लावलं, चावी दिली, सही केली.

मंगळवारी मेजुमा वर गेली. न्हाणीतला बादलीचा नळ उघडला तर नुसती हवा फुसफुसली. गच्चीवरची टाकी कोरडी. शहराचं पाणी सहा दिवस आलं नव्हतं. तिने सवयीने बाटली आणलीच होती. ती नळीत ओतली, तेल घातलं, पट्टी दाबून बसवली. तेवढ्यात फोन वाजला. अथमान घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अगं, पलंगावरून घसरलोय. खाली आहे मी." तिने भराभर खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि जिना धावत उतरली.

नळ उघडाच राहिला.

गुरुवारी पहाटे पाणी आलं. अख्ख्या गल्लीने पिंपं भरली. मेजुमानेही भरली आणि देवाचे आभार मानले.

शुक्रवारी तिने सात नंबरचं दार ढकललं, तेव्हा ते आतून कुणी धरल्यासारखं जड उघडलं. घोटाभर पाणी. पट्टीने मोरी तिनेच इतकी घट्ट बंद केली होती की थेंब खाली गेला नव्हता. लाकडी फरशीचे तुकडे फुगून वर आले होते. ती न्हाणीत गेली, नळ बंद केला, आणि तिथेच पाण्यात उभी राहून रडली. हे आपणच केलं, हे तिला त्याच क्षणी पक्कं ठाऊक होतं.

तासाभरात मुनीर आला. खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळत होतं. डॉक्टरबाईंना कळवून झालं होतं, त्या येणार नव्हत्या. मुनीरने वही उघडली, बोट खाली नेलं.

"शेवटचा माकामे. सोमवार. त्याच्यानंतर कोणी नाही."

मेजुमा कपड्याचा भिजलेला काठ पिळत राहिली. जिन्यामागून अथमानचा खोकला ऐकू येत होता.

माकामेला बोलावलं. म्हातारा भिजलेल्या फरशीकडे बघत राहिला. "औषध कालवायला नळ उघडून बघितला होता मी. पाणी नव्हतं. बंद केला होता... केला असेन ना?"

"मला काय विचारतोस?" मुनीर खेकसला.

माकामेने मेजुमाकडे बघितलं. साक्ष मागायला नव्हे, लाजून. "असेल, बॉस. राहिला असेल. हल्ली घरी भाकरीसुद्धा तव्यावर विसरतो मी."

एजन्सीच्या बाराही इमारतींच्या कामांतून त्याचं नाव कटलं.

शनिवारी मेजुमाने मुनीरला फोन लावला. तीनदा लावून तीनदा तोडला होता. "बॉस, मंगळवारी मी वर—"

"वहीत आहे?"

"नाही, पण—"

"मग नाही गेलीस. मालकाला काल लिहून पाठवलंय मी, आता दुसरं काही नको. आणि ऐक, तुझा नवरा कसा आहे?"

तिला सगळं समजलं. "बरा आहे," ती म्हणाली. आपली जीभ इतक्या सहज वळली याची तिला किळस आली. तरीही फोन ठेवल्यावर तिने पहिली गोष्ट बघितली ती खोलीचं छप्पर.

पुढच्या आठवड्यात माकामे आपणहून आला. हातात एक डबा. "मेजुमाबाई, दुसरा माणूस लगेच मिळायचा नाही यांना. तोवर झुरळं थांबतात होय? चल, तुला शिकवून जातो."

सात नंबरात कुजक्या लाकडाचा वास भरला होता. म्हातारा कष्टाने ओट्याखाली वाकला. बोरिक पावडर, साखर, पीठ, किंचित पाणी. मसुराएवढी गोळी, बिजागरीपाशी, नळीमागे. "जास्त लावायचं नाही. लोकांना वाटतं, जास्त लावलं की जास्त मरतात."

"बाबा," मेजुमा म्हणाली. "बाबा, तुम्ही..."

"काय गं?"

खालून अथमानने हाक मारली. रोजचीच, पाण्यासाठी.

"तुम्ही चहा घेऊन जा."

"नको. दुपारची बस गाठतो. लेकीकडे जातोय, लुंगालुंगाला. इथे आता काय करू?" तो ओट्याला धरून उठला, हात पुसले आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "आणि हे बघ, निघताना प्रत्येक नळावर हात ठेवून बघायचं. पाणी असो वा नसो. माझ्या एका चुकीने तुझी खोली जाणार होती, बाई. त्या रात्री झोप नाही लागली मला. मला माफ कर."

मेजुमा त्याला म्हणाली, "केलं, बाबा."