अर्धा सल्ला

‘हे काय आहे?’

मेसेज एवढाच, आणि वर एका पायाचा फोटो. ना नमस्कार, ना खुशाली, ना पाय कोणाचा याचा पत्ता. नडगीवर लालसर-जांभळे बारीक ठिपके, तेही पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेले. पाठवणाऱ्या वहिनी, ज्यांनी दोन वर्षांत तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

घरात तिला सगळे आत्या म्हणत, इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर. अबोल्याचं कारणही असाच एक फोटो होता. वहिनींच्या भावाच्या हातांवर पुरळ आलं, कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि आत्याने अर्ध्या मिनिटात निकाल दिला : ‘खरूज. सगळ्यांचे कपडे उकळत्या पाण्यात टाका.’ घर पाहुण्यांनी भरलेलं. बिचाऱ्याच्या शेजारी कुणी बसेना. डॉक्टरांकडे गेल्यावर निघाली रबरी हातमोज्यांची ॲलर्जी. आत्या तोंडघशी पडली, वहिनींच्या माहेरची शोभा झाली, आणि काट्याचा नायटा झाला तो झालाच.

तेव्हापासून आत्या ताकही फुंकून पीत असे. फोटो पाहून रोगाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम तिने शहाण्यासारखा केला होता. आता तिने लिहिलं : ‘फोटोवरून काही सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवा.’ पाठवलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. अगदी बरोबर उत्तर, आणि वर जरासा टोमणाही. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग तिने मोबाइल खिशात टाकला आणि एका आजोबांच्या पोटरीची पट्टी सोडायला घेतली. जखमेभोवती लाली होती. सवयीने तिने अंगठा दाबला. कातडी पांढरी पडली, अंगठा उचलल्यावर पुन्हा लाल झाली. तिचा हात तसाच राहिला.

ते ठिपके दाबल्यावर जातात का, हे आपण विचारलंच नाही. ताप आहे का, तेही नाही.

‘सिस्टर, काय झालं हो?’ आजोबा म्हणाले.

‘काही नाही,’ ती म्हणाली, पण तिचं धाबं दणाणलं होतं. नाव सांगायचं नाही हे ठीक. पण कोणती लक्षणं दिसली की वेळ दवडायचा नाही, हे तर कुणालाही सांगता येतं. पाय कुणाचाही असो.

दुसऱ्या सिस्टरला आजोबांजवळ उभं करून तिने बाहेर येऊन फोन लावला. वहिनींनी उचलला नाही. तिने लिहिलं, तुकड्यातुकड्यांनी, वाचायला सोपं जावं म्हणून.

‘ताप आहे का?’

‘काचेचा पारदर्शक ग्लास डागांवर दाबा. त्यातून बघा, डाग पुसट होतात का.’

‘ताप असून डाग जात नसतील, तर लगेच ॲम्ब्युलन्स. सुस्ती, मान आखडणं, दम लागणं, यातलं काही असेल तर ग्लासचीही वाट बघू नका.’

उत्तर आलं : ‘म्हणजे झालंय काय? नाव सांगा. मागे तर लगेच सांगितलं होतं.’

मिरची झोंबायला हवी होती. झोंबली नाही. ‘मागे चुकले. नाव मला माहीत नाही. डाग गेले का?’

मधलं एक मिनिट तिला काही केल्या संपेना.

‘जात नाहीत. सकाळपासून ताप आहे. सारखा झोपतोय.’

झोपतोय. म्हणजे भाचा, वहिनींचा सहा वर्षांचा मुलगा. ‘ॲम्ब्युलन्स बोलवा. आत्ता,’ आत्याने लिहिलं. साडेअकरा झाले होते.

बारा वाजायच्या आत तो आत्याच्याच इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात होता. सलाइनची सुई लागली, रक्त तपासायला गेलं, तपासणीचा निकाल यायच्या आधीच प्रतिजैविक सुरू झालं. डॉक्टर बाहेर आल्या. रक्तातला जंतुसंसर्ग असावा असा संशय आहे, पुढचे काही तास सांभाळायचे, एवढंच त्या म्हणाल्या.

‘डाग कधी दिसले?’

‘अकराला. आत्यांनी सांगितलं, तशी लगेच निघालो,’ वहिनी म्हणाल्या, आणि दोन वर्षांनी त्यांनी तिचा हात धरला. ‘तुम्ही नसता तर...’

‘वेळेवर पाठवलंत, सिस्टर,’ डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तो हात तिला सहन होईना.

‘लगेच नाही, वहिनी. पंचवीस मिनिटं उशिरा. पहिला मेसेज बघा.’

वहिनींनी मोबाइल काढला, वर सरकवत नेला, वाचला. पुन्हा वाचला.

‘यात चुकीचं काय आहे?’

‘काहीच नाही,’ आत्या म्हणाली. ‘म्हणूनच तेवढा पाठवून मी गप्प बसले.’

वहिनींचा हात हळूहळू सुटला. काचेपलीकडे पोराच्या पायावरचे ठिपके आता इथूनही दिसत होते.